रीडिंग एकच, μ मात्र चौघांचा चार प्रकारचा: स्पेक्ट्रोमीटरच्या जर्नलमध्ये अनिश्चितता आणि सार्थ अंक कुठे चुकतात

पदवीच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग झाला की जर्नल तपासताना एक गोष्ट हमखास समोर येते. एकाच टेबलावर चौघांनी मिळून प्रयोग केलेला असतो, निरीक्षणांचा तक्ता चौघांचा अक्षरशः सारखा असतो, आणि शेवटच्या ओळीत प्रिझमच्या काचेचा अपवर्तनांक μ मात्र असा येतो:

पहिला: 1.62 ± 0.02
दुसरा: 1.6266 ± 0.0003
तिसरा: 1.625 ± 0.0003
चौथा: 1.6227415 ± 0.00039558

चौघांचेही सूत्र बरोबर असते, आणि उत्तर काचेला शोभेल असे असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. आपल्याकडे असे होत असेल, किंवा शेरा म्हणून नुसतेच ‘सार्थ अंक चुकले’ लिहून वही परत आली असेल, तर यातली एखादी चूक तुमच्याही वहीत असण्याची दाट शक्यता आहे. वरच्या चारही ओळींमागचे कारण वेगवेगळे आहे, म्हणून एकेक घेऊ.

आधी आकडे. पाऱ्याच्या दिव्यातली हिरवी रेषा, तरंगलांबी 546.1 nm. प्रिझमचा कोन A = 59°56′. किमान विचलनकोन D = 48°22′. स्पेक्ट्रोमीटरच्या मुख्य पट्टीवर अर्ध्या अंशाचे भाग आहेत आणि व्हर्निअरवर 30 भाग, म्हणून लघुतम माप 1′. सूत्र सगळ्यांना पाठ आहे:

`μ = sin((A+D)/2) / sin(A/2)`

रीडिंगमधली अनिश्चितता आपण ±1′ धरू. काही जण लघुतम मापाच्या निम्मी धरतात. दोन्हीला आधार आहे, फक्त काय धरले ते वहीत लिहा. व्हर्निअरची कोणती रेषा जुळते यावर दोघांचे एकमत होत नाही अशी वेळ येते, आणि रेषेवर तारेचा क्रॉस बसवतानाही हात थोडा पुढेमागे होतो, म्हणून मी पूर्ण 1′ घ्यायला सांगतो.

आता D म्हणजे दोन रीडिंगमधला फरक: एक किमान विचलनाचे, दुसरे प्रिझम काढून घेतलेले सरळ रीडिंग. दोन्हींची अनिश्चितता स्वतंत्र आहे, म्हणून वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ: √(1² + 1²) = 1.4′. A काढताना आपण दोन बाजूंच्या परावर्तित प्रतिमांच्या रीडिंगमधला फरक घेतो आणि त्याला 2 ने भागतो. फरकाची अनिश्चितता 1.4′, आणि भागाकारामुळे तीही निम्मी होते: 0.7′. हे निम्मे करायचे बऱ्याच जणांकडून राहून जाते.

पहिला: ± 0.02 आले कुठून?

ही चूक सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात जास्त लपून राहते.

अनिश्चितता पुढे नेण्याची रीत अशी: μ चा D शी असलेला बदलाचा दर काढायचा, त्याला D च्या अनिश्चिततेने गुणायचे, तसेच A साठी करायचे, आणि दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे. आपल्या आकड्यांसाठी D कडचा दर येतो 0.586 आणि A कडचा −0.821. या मुलाने हे दोन्ही दर बरोबर काढले होते. मग त्याने 1.4′ चे अंश केले, 0.0236, आणि 0.7′ चे 0.0118. गुणाकार, वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर 0.017. एका सार्थ अंकात 0.02. मग μ ही दोन दशांश स्थळांवर आणून 1.62. नियम सगळे पाळले.

चूक अशी की sin चा अवकलज cos आहे हे वाक्य कोन रेडियनमध्ये असेल तरच खरे असते. अंशात कोन ठेवला तर त्या अवकलजापुढे π/180 हा गुणक येतो. तो विसरला की अनिश्चितता 57.3 पट फुगते. मिनिटे तशीच ठेवली तर 3438 पट फुगते आणि उत्तर 1.6 ± 1.0 येते. ते पाहून कोणीही थबकेल आणि चूक शोधेल. पण ± 0.02 पाहून कोणी थबकत नाही, कारण प्रयोगशाळेतली असली अनिश्चितता आपल्याला सवयीची असते.

मुख्य उत्तराच्या बाबतीत हीच गफलत लगेच पकडली जाते. स्प्रेडशीटमध्ये `SIN(54.15)` लिहिले तर ते कोन रेडियन समजून ऋण संख्या देते, आणि दोन साइनचा भागाकार 0.68 येतो. काचेचा अपवर्तनांक 1 पेक्षा कमी असू शकत नाही, म्हणून विद्यार्थी मागे जातो आणि `RADIANS` घालतो. अनिश्चिततेच्या पायरीला अशी राखण करणारे कोणी नाही. तिथे तुम्हालाच पाहावे लागते.

ओळखायचे कसे? एक आकडा लक्षात ठेवा: 1 मिनिट म्हणजे 0.00029 रेडियन. आपले दोन्ही दर 1 च्या आत आहेत. म्हणजे एकदोन मिनिटांच्या अनिश्चिततेतून μ वर पडणारा परिणाम दहा-हजारांशांतच असायला हवा. तो शतांशात आला की रेडियन राहिलेत असे समजा. रेडियन घालून हिशेब असा होतो:

D कडून: 0.586 × 0.000411 = 0.00024
A कडून: 0.821 × 0.000206 = 0.00017
एकत्र: √(0.00024² + 0.00017²) = 0.00029

म्हणजे ± 0.0003, आणि μ = 1.6227.

दुसरी पडताळणी मला अधिक आवडते, कारण ती डोळ्यांनी होते. अशा दाट काचेत पाऱ्याच्या पिवळ्या आणि जांभळ्या रेषांच्या μ मध्ये सुमारे 0.02 चा फरक असतो. दुर्बिणीतून पाहिले तर त्या रेषा एकमेकींपासून सुमारे 2 अंश दूर दिसतात, मध्ये हिरवी रेषा स्वतंत्र उभी असते. आता ± 0.02 लिहिणारा असे म्हणतो आहे की पिवळा आणि जांभळा यांच्या μ मध्ये फरक आहे की नाही हेच मला या उपकरणाने सांगता येत नाही. ज्या उपकरणाने 2 अंशांतली 120 मिनिटे मोजता येतात, त्याच्याबद्दल हे विधान खरे असूच शकत नाही. अनिश्चितता लिहिल्यावर स्वतःला हाच प्रश्न विचारा: मी प्रत्यक्ष जे वेगळे पाहिले, ते माझा ± आकडा एकच ठरवतो आहे का?

दुसरा: 1.6266, सगळे बरोबर आणि तरी चूक

या वहीत अनिश्चितता अचूक आहे, सार्थ अंक अचूक आहेत, आणि उत्तर खऱ्यापासून 0.0039 ने दूर आहे. म्हणजे स्वतःच्याच अनिश्चिततेच्या तेरा पट.

तक्त्यात 59°56′ ऐवजी 59.56 आणि 48°22′ ऐवजी 48.22 लिहिले होते. रीडिंग घेताना घाईत मुले अशी लिहितात, ‘अठ्ठेचाळीस पॉइंट बावीस’ असेच एकमेकांना ओरडून सांगतात, आणि तिथपर्यंत काहीच बिघडत नाही. बिघडते ते घरी बसून कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे टाकल्यावर. खरे दशांश कोन आहेत 59.9333 आणि 48.3667.

तपासायची खूण सोपी आहे. आपल्या तक्त्यातल्या सगळ्या कोनांच्या दशांश भागांवर बोट फिरवा. पंचवीस-तीस रीडिंगमध्ये एकही .60 च्या वर गेलेले नसेल, तर ती दशांश नाहीत, मिनिटे आहेत. एक रीडिंग पाहून हे कळणार नाही, संपूर्ण तक्ता पाहावा लागतो.

हीच गत अर्ध्या अंशाच्या चुकीची. व्हर्निअरचा शून्य मुख्य पट्टीवर 48.5 च्या पुढे असताना 48 धरले तर 30′ गळतात आणि μ 0.005 ने बदलतो. यावर उपाय उपकरणातच आहे: दोन खिडक्यांची रीडिंग एकमेकांपासून 180° दूर असायला हवीत. एकदोन मिनिटांचा फरक पट्टीच्या केंद्रापासूनच्या विचलनामुळे पडतो आणि दोन्ही खिडक्यांची सरासरी घेतली की जातो. 30′ चा फरक दिसला तर तो वाचणाऱ्याचा आहे. खिडकी एकच वाचणाऱ्याला हे कधीच कळत नाही, म्हणून दुसऱ्या खिडकीचा रकाना रिकामा ठेवू नका.

कोणतीही अनिश्चितता अशा चुका पकडत नाही. ± 0.0003 हा आकडा फक्त एवढे सांगतो की रीडिंग बरोबर वाचले असेल तर उत्तर किती हलू शकते.

तिसरा: मधेच राउंडिंग

‘मूळ आकड्यांत जितके सार्थ अंक तितकेच उत्तरात’ हा नियम शाळेपासून मनावर ठसलेला असतो, आणि म्हणून काही जण प्रत्येक पायरीवर तो लावतात. इथे साइन तीन अंकांत आणली: 0.811 आणि 0.499. भागाकार 1.625.

प्रत्यक्षात sin 54°9′ = 0.810553 आणि sin 29°58′ = 0.499496. दुसऱ्या आकड्याला तीन अंकांत आणताना 0.0005 कापले गेले. दिसायला क्षुल्लक, पण 0.4995 च्या मानाने ते हजारात एक आहे. μ ची अनिश्चितता मात्र दहा हजारांत दोन आहे. म्हणजे उपकरणाने महत्प्रयासाने दिलेली अचूकता आपण कागदावर पेन्सिलीने पुसून टाकली. तिसऱ्याचे उत्तर 0.0023 ने चुकले ते प्रयोगामुळे नाही, केवळ लिहिण्यामुळे. त्यातही 1.625 च्या पुढे ± 0.0003 लिहून त्याने दशांश स्थळेही जुळवली नाहीत. μ तीन स्थळांपर्यंत आणि अनिश्चितता चार स्थळांपर्यंत असे कधीच लिहू नये.

चार अंक ठेवले असते तर? 0.8106 / 0.4995 = 1.6228. चूक 0.0001, म्हणजे अनिश्चिततेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. चालून जाईल, पण मला आवडणार नाही. पाच अंकांपासून पुढे राउंडिंगचा परिणाम दिसेनासा होतो. कॅल्क्युलेटरच्या मेमरीत पूर्ण आकडा ठेवा आणि वहीत सहा अंक लिहा. मधल्या पायरीत जास्त अंक दाखवणे हा गुन्हा नाही. ते अंक खरे आहेत असा दावा तुम्ही तिथे करतच नसता. दावा फक्त शेवटच्या ओळीत असतो.

आणि हो, सार्थ अंक मोजायचा तो शाळेचा नियम इथे मुळातच तोकडा पडतो. गुणाकार-भागाकारात तो ठीक काम करतो, कारण तिथे सापेक्ष अनिश्चितता जवळपास तशीच पुढे जाते. साइनमध्ये तसे होत नाही. कोन 90° च्या जवळ असेल तर 1′ ने साइन जवळजवळ हलतच नाही. कोन लहान असेल तर ती चांगलीच हलते. 48.37° मध्ये चार सार्थ अंक आहेत म्हणून μ मध्येही चार, असे म्हटले तर 1.623 मिळते आणि एक खरा अंक फुकट जातो. सूत्रात साइन, लॉग किंवा घातांक दिसला की सार्थ अंक मोजत बसू नका. आधी अनिश्चितता काढा. किती अंक ठेवायचे ते तीच ठरवते.

चौथा: A दोनदा आला

चौथ्याचा μ बरोबर आहे, फक्त शेपूट लांब आहे. 0.00039558 मधले शेवटचे चार अंक निरर्थक आहेत. अनिश्चितता एका सार्थ अंकात लिहावी. पहिला अंक 1 असेल तर दोन अंकांत, कारण 0.00014 चे 0.0001 करताना जवळजवळ तिसरा हिस्सा हरवतो. मग μ त्याच दशांश स्थळापर्यंत. एवढे केले तर त्याचे उत्तर 1.6227 ± 0.0004 होते. आपले आले होते ± 0.0003. हा फरक राउंडिंगचा नाही.

त्याने असे केले: अंशातल्या साइनची सापेक्ष अनिश्चितता वेगळी काढली, छेदातल्या साइनची वेगळी काढली, आणि ‘भागाकारात सापेक्ष अनिश्चिततांचे वर्ग मिळवायचे’ हा नियम लावला. नियम खरा आहे, पण त्याला एक अट आहे: अंश आणि छेद एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. इथे A दोन्हीकडे आहे. A प्रत्यक्षात थोडा मोठा असेल तर अंश वाढतो आणि छेदही वाढतो, आणि भागाकारात हे दोन परिणाम एकमेकांना काही प्रमाणात खाऊन टाकतात. दर काढून पाहिले की ते स्पष्ट दिसते: अंशातल्या A मुळे +0.586, छेदातल्या A मुळे −1.407, बेरीज −0.821. स्वतंत्र धरून वर्ग मिळवले तर 0.586 आणि 1.407 यांचे मिळून 1.52 होतात. म्हणजे A चा वाटा जवळजवळ दुप्पट धरला गेला.

आपल्या उदाहरणात A ची अनिश्चितता कमी होती म्हणून शेवटी 0.0003 चे 0.0004 झाले, आणि कोणी म्हणेल की एवढ्याने काय होते. पण A घाईत मोजला असेल, अनिश्चितता 3′ असेल, तर उत्तरावर त्याचाच वरचष्मा राहील आणि ± आकडा जवळजवळ दुप्पट होईल. बहिर्वक्र भिंगाच्या `f = uv/(u+v)` मध्येही हाच सापळा आहे: u आणि v दोन्ही वर-खाली येतात. u = v = 30 cm आणि दोन्हींत ± 0.2 cm असेल, तर योग्य रीतीने f ची अनिश्चितता 0.07 cm येते. गुणाकार-भागाकाराचा नियम आंधळेपणाने लावून सगळ्या सापेक्ष अनिश्चितता नुसत्या मिळवल्या तर ती 0.3 cm होते. सूत्रात एकच अक्षर दोनदा दिसले की थांबायचे.

अवकलज टाळून हिशेब

रेडियन आणि दोनदा येणारे अक्षर, हे दोन्ही सापळे एकाच युक्तीने चुकवता येतात, आणि मी हल्ली विद्यार्थ्यांना हीच रीत आधी शिकवतो. अवकलज काढूच नका. मूळ सूत्रात D च्या जागी D + 1.4′ घाला, A तसाच ठेवा, आणि μ किती बदलला ते पाहा. मग D पूर्ववत करून A च्या जागी A + 0.7′ घाला. दोन बदलांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या. झाले.

```python
from math import sin, radians

def mu(A, D):
    return sin(radians((A + D)/2)) / sin(radians(A/2))

A, D = 59 + 56/60, 48 + 22/60
dA, dD = 0.71/60, 1.41/60
a = mu(A + dA, D) - mu(A, D)
d = mu(A, D + dD) - mu(A, D)
print(mu(A, D), a, d, (a*a + d*d)**0.5)
```

यातून μ येतो 1.62274, A मुळे बदल −0.00017, D मुळे +0.00024, एकत्र 0.00029. कोन अंशात टाकले तरी बिघडत नाही, कारण `radians` सूत्राच्या आतच आहे. आणि A बदलला की तो दोन्हीकडे एकदमच बदलतो. साध्या कॅल्क्युलेटरवरही हे पाच मिनिटांत होते, मात्र तिथे सहा-सात अंक ठेवावे लागतात. चौथ्या अंकातला बदल पकडायचा आणि μ चारच अंकांत राउंड केलेला, असे केले तर फरक शून्य किंवा काहीतरी वेडावाकडा येईल.

या रीतीचा आणखी एक फायदा: दोन बदल वेगवेगळे समोर दिसतात. इथे D चा वाटा जास्त आहे. उत्तर सुधारायचे असेल तर D ची रीडिंग पुन्हा घ्या. A चार वेळा मोजून फारसे हाती लागणार नाही. अनिश्चिततेचा हा हिशेब प्रयोगशाळेतून निघायच्या आधी केला तरच त्याचा असा उपयोग होतो, घरी जाऊन केला तर नाही.

± मध्ये न मावणारी चूक

एवढे सगळे नीट करूनही शेजारच्या टेबलावर त्याच प्रिझमचा μ 1.6235 आला, तर काय समजायचे? फरक 0.0008. दोन्हींची अनिश्चितता 0.0003 असेल तर फरकाची 0.0004. म्हणजे फरक अनिश्चिततेच्या दुप्पट आहे. एवढा फरक योगायोगाने क्वचित पडू शकतो, पण मी आधी किमान विचलनाची जागा तपासतो.

प्रिझमचे टेबल फिरवताना रेषा एका बाजूला सरकते, थांबते आणि उलट फिरते. ती थांबते तिथे किमान विचलन. अडचण अशी की ती थांबते तेव्हा बराच वेळ थांबल्यासारखीच दिसते. आपल्या प्रिझमसाठी हिशेब केला तर टेबल बरोबर जागेपासून 1° हुकले की D फक्त 1.2′ ने वाढतो, म्हणजे लघुतम मापाएवढाच. पण ही वाढ हुकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात आहे: 2° हुकले तर ती 4.8′ होते, आणि μ 0.0008 ने चढतो. शेजारच्या टेबलाचा फरक नेमका एवढाच आहे.

महत्त्वाचे हे की टेबल डावीकडे हुकले काय आणि उजवीकडे हुकले काय, D वाढतोच. किमान म्हणजे किमान. त्याच्या खाली काही नाही. त्यामुळे ही चूक नेहमी एकाच दिशेची असते आणि पाच वेळा रीडिंग घेऊन सरासरी काढल्याने ती जात नाही, उलट सरासरीत मुरून बसते. ± चिन्हाचा अर्थ दोन्ही दिशांना सारखी शक्यता असा असतो, म्हणून हिला त्यात कोंबणेही बरोबर नाही. दर वेळी टेबल मुद्दाम दूर फिरवून पुन्हा थांबण्याची जागा नव्याने शोधा. मिळालेल्या D मध्ये बहुतेक एका जागी जमले असतील आणि एखादा चार-पाच मिनिटांनी वर गेला असेल, तर त्या वेळी टेबल हुकले होते. तो खोडू नका. का वर गेला ते शेजारी लिहा, आणि तेवढी मांडणी पुन्हा करा.

शेवटच्या ओळीत तरंगलांबीही हवी. μ चार दशांशांत लिहायचा आणि रेषा कोणती ते सांगायचे नाही, हे अर्धवट विधान आहे, कारण पिवळ्या आणि हिरव्या रेषेत काही हजारांशांचा फरक असतो, म्हणजे आपल्या अनिश्चिततेच्या कितीतरी पट. वहीत असे लिहा: ‘546.1 nm साठी μ = 1.6227 ± 0.0003, प्रत्येक रीडिंगची अनिश्चितता 1′ धरली आहे.’

पुढच्या पानावरची अपस्करण क्षमता

याच रीडिंगवरून बहुतेक ठिकाणी काचेची अपस्करण क्षमताही काढायची असते, आणि वरचे सगळे जमलेले विद्यार्थी तिथे पुन्हा अडकतात. समजा पिवळ्या रेषेसाठी μ = 1.6196 आणि जांभळ्यासाठी 1.6404. प्रत्येकात पाच सार्थ अंक. वजाबाकी 0.0208, तीनच सार्थ अंक. सुरुवातीचे दोन अंक वजाबाकीत गेले, आणि ते कोणत्याही नियमाने परत येत नाहीत. म्हणून या फरकाला सरासरी μ वजा एक याने भागून तिथे 0.033016 असे उत्तर लिहिलेले पाहिले की ते कॅल्क्युलेटरवरून उतरवले आहे हे लगेच कळते.

0.0208 मागची अनिश्चितता किती? सवयीने 0.0003 चे दोन वर्ग मिळवून 0.0004 लिहिले जाते. पण दोन्ही μ एकाच A वरून काढले आहेत. A चुकला असेल तर दोन्ही जवळजवळ सारखेच सरकतात आणि वजाबाकीत ते सरकणे निघून जाते. सरळ रीडिंगही दोन्हींना तेच आहे, त्याचाही परिणाम वजाबाकीत जवळपास नाहीसा होतो. उरतात फक्त दोन रेषांची दोन रीडिंग, त्यांची मिळून 1.4′, आणि 0.586 ने गुणले की 0.00024. म्हणून 0.0208 ± 0.0002. छेदात सरासरी μ वजा एक, म्हणजे 0.6300, त्याची सापेक्ष अनिश्चितता दहा हजारांत पाच, अंशाची शंभरात एक, तेव्हा छेदाची सोडून द्यायला हरकत नाही. उत्तर 0.0330 ± 0.0004. यातला शेवटचा शून्य खोडू नका, तो मोजलेला आहे.